धमकीचे फोन आणि मोबाईल कंपनीला पाठवलेलं पत्र : तुमचे अनुभव?

सायली_ठाणे : आज सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी ‘लोनवाले धमकावतायत’ लिहिलं आणि सासूबाईंचं प्रकरण आठवलं. भाच्याने कुठल्याशा ॲपवरून कर्ज घेतलेलं, नंबर सासूबाईंचा दिलेला. ‘पैसे भरा, नाहीतर घरी माणसं पाठवतो.’ कंपनीला लिहिलं, तर उत्तर आलं, ‘आपली डीएनडी सेवा सुरू केली आहे’! मग दुसरं पत्र लिहिलं :

‘माझ्या क्र. … वर दि. 14 रोजी दुपारी 3.40 ला क्र. … वरून फोन आला. बोलणाऱ्याने माणसं पाठवण्याची धमकी दिली. हा जाहिरातीचा फोन नाही. कर्ज मी घेतलेलं नाही. या क्रमांकाची पडताळणी करून कारवाई करावी व तक्रार क्रमांक द्यावा.’

कॉल लॉगचा स्क्रीनशॉट जोडला. तेव्हा कुठे तक्रार नीट नोंदली गेली.

बंडूनाना : समोरचा नंबर दुसऱ्या कंपनीचा असेल तर आपली कंपनी काय करणार? त्यांच्याकडेच लिहायला हवं.

माजी_कॉलसेंटर : नाना, तक्रार आपल्याच कंपनीकडे, 1909 वर. पुढे ती नंबर ज्यांचा त्यांच्याकडे जाते. शिवाय नंबर पोर्ट झालेला असला तर सुरुवातीच्या आकड्यांवरून कंपनी कळतच नाही. पण 1909 मुळात जाहिरातींच्या फोनसाठी आहे आणि तक्रार 7 दिवसांत करावी लागते. फसवणुकीचा संशय असेल तर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर ‘चक्षू’ आहे, तिथे 30 दिवसांच्या आतला फोन चालतो. सायलीताई, ‘जाहिरातीचा नाही’ हे वाक्य बरं घातलंत. त्याशिवाय पत्र वाचणारा थेट स्पॅममध्येच टाकतो.

मृणाल : माझं सिम हरवलंय, ते पण 1909 लाच का? 😭

बंडूनाना : त्याला कस्टमर केअर. आधी बँकेला कळव गं.

कोल्हापुरी_तडका : आमच्या आबांना ‘ट्रायमधून बोलतोय, दोन तासांत नंबर बंद’ असा फोन. आबा म्हणाले, कर बंद, पोरं रिचार्जचे पैसे तरी मागणार नाहीत 😂

माजी_कॉलसेंटर : आबा भारी! ट्राय असे फोन करतच नाही.

वैशाली_क : कंपनीने त्या माणसाचं नाव दिलं का गं? मला हवंय, आमच्याकडे एक जण रात्री-अपरात्री शिव्या देतो.

सायली_ठाणे : नाही दिलं. ते पोलिसांनी मागितलं तरच. पत्राची प्रत आणि तक्रार क्रमांक घेऊन पोलीस चौकीत गेलो, तिथे अर्ज लिहायला तेच कामी आलं. तू पण आधी तारखा-वेळा लिहून ठेव.

माजी_कॉलसेंटर : आणि पैसे गेले असतील तर पत्रात वेळ घालवू नका, लगेच 1930.

वैशाली_क : पैसे नाही गेले, झोप गेली. पण तो दर वेळी नवीन नंबरवरून करतो. मग दर वेळी नवीन पत्र?

सायली_ठाणे : आम्हालाही नंतर दुसऱ्या नंबरवरून आलाच होता. कुकर झाला, येते.

कोल्हापुरी_तडका : मृणाल, सिम मिळालं का?