शब्दचर्चा : फोर्क, पिन आणि स्क्युअर पटावर ओळखायचे कसे?

प्रश्न : हिंगोली जिल्ह्यातील एक शिक्षक

आमच्या शाळेतील पाचवी ते सातवीची मुले मधल्या सुट्टीत बुद्धिबळ खेळतात आणि मोबाईलवर ऐकलेले फोर्क, पिन, स्क्युअर हे शब्द सर्रास वापरतात. फोर्क त्यांना बऱ्यापैकी कळतो, परंतु एकाच ओळीत दोन मोहरे सापडले की त्याला पिन म्हणायचे की स्क्युअर, यावरून रोज वाद होतो. ज्या शब्दांमुळे मुलाला पटावरचा फरक दिसेल असे मराठी शब्द कोणी वापरत असल्यास कृपया सांगावेत. तसेच नवशिक्या मुलांसाठी रोज घरी करता येईल असा साधा सराव कोणता, हेही कळवावे.

नांदेड, महाविद्यालयीन विद्यार्थी

सर, फरक सोपा आहे. राजा मागे असेल तर पिन आणि राजा पुढे असेल तर स्क्युअर. फोर्क म्हणजे घोड्याने एकाच वेळी दोघांवर केलेला मारा. पिन झालेला मोहरा मेल्यातच जमा असतो, त्याची भीती बाळगायचे कारण नाही.

लातूर, निवृत्त शिक्षक. मुलांना बुद्धिबळ शिकवतात

नांदेडच्या मित्राने दिलेली खूण सुरुवातीला उपयोगी पडते, पण ती अर्धीच आहे, कारण दोन्ही डावपेचांत राजा असलाच पाहिजे असे नाही. ओळीतील दोन मोहऱ्यांपैकी अधिक मोलाचा कोणता आणि तो पुढे आहे की मागे, हे पाहावे लागते. मोलाचा मोहरा मागे असेल तर पुढच्याला हलणे महागात पडते आणि तो जागीच अडकतो, ती पिन. मोलाचा पुढे असेल तर त्याला हलावेच लागते आणि मागचा उघडा पडतो, तो स्क्युअर.

हे सांगण्यापेक्षा पटावर मांडून दाखवावे. काळ्याचा राजा e5 वर आणि वजीर e8 वर ठेवा, पांढऱ्याचा राजा g1 वर आणि हत्ती d1 वर ठेवा, बाकी पट रिकामा ठेवा. हत्ती e1 वर येऊन शह देतो, काळ्या राजाला e ची उभी ओळ सोडावी लागते आणि पुढच्या चालीत हत्ती वजिराला मारतो. हा स्क्युअर झाला. आता काळ्याच्या राजाची आणि वजिराची फक्त अदलाबदल करा, म्हणजे वजीर e5 वर आणि राजा e8 वर येईल, आणि मुलांना तीच चाल खेळायला सांगा. ‘वजीर पिन झाला’ असे मुले ओरडतील, आणि तेवढ्यात काळ्याचा वजीर त्याच ओळीतून खाली उतरून e1 वरचा हत्ती फुकट मारेल, वर शहही देईल. पिन झालेल्या मोहऱ्याला ओळीबाहेर जाता येत नाही, पण ओळीवरून सरकता येते आणि हल्लेखोराला मारताही येते, म्हणून पिन करणाऱ्या मोहऱ्याला आधार हवा. याच मांडणीत पांढऱ्याचा राजा g1 ऐवजी f1 वर ठेवला तर हत्तीला आधार मिळतो, आणि वजिराने हत्ती मारला तरी राजा वजिराला मारतो. पहिल्या मांडणीत मात्र हत्तीला आधाराची गरज नव्हती, कारण समोर राजा होता आणि तो e5 वरून e1 पर्यंत पोहोचू शकत नव्हता. या दोन मांडण्या ज्या मुलाने स्वतःच्या हाताने अदलून-बदलून पाहिल्या आहेत, तो सहसा नाव चुकत नाही.

‘मेल्यातच जमा’ हे मात्र धोक्याचे आहे. फिडेच्या नियमांनुसार जो मोहरा स्वतःच्या राजामुळे हलू शकत नाही, तोही प्रतिस्पर्ध्याच्या राजाला शह देतच असतो, म्हणजे त्याच्या माऱ्याच्या घरात आपला राजा नेता येत नाही. आणखी एक गोष्ट. मागे राजा नसून वजीर असेल, तर पुढच्या मोहऱ्याला हलण्याची नियमाने पूर्ण मुभा असते. g4 वरच्या काळ्या उंटाने f3 वरचा घोडा d1 वरच्या वजिरासमोर अडकवला, असे आपण म्हणतो खरे. पण घोडा उडी मारून वजिरापेक्षाही मोठी धमकी देऊ शकत असेल, म्हणजे थेट मात करू शकत असेल, तर वजीर मारणाऱ्या उंटाला त्याचा काहीच लाभ होत नाही. म्हणून मी मुलांना पहिला प्रश्न ‘मागे कोण आहे?’ हाच विचारायला लावतो.

परभणी, एक पालक

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. तालुक्याच्या स्पर्धेत माझ्या मुलीचा एक हत्ती फुकट गेला आणि ती घरी येऊन म्हणाली की समोरच्याने फोर्क केला. तिने मांडून दाखवले ते असे : तिचा पांढरा राजा g2 वर, हत्ती h1 वर, प्यादी f2, g3 आणि h2 वर होती. काळ्याच्या उंटाने b7 वर येऊन शह दिला, तिने राजा h3 वर नेला आणि उंटाने h1 वरचा हत्ती मारला. एकाच उंटाने दोघांवर मारा केला, म्हणजे हा फोर्कच ना? आणि अशा वेळी हत्ती जाणारच होता का?

लातूर, निवृत्त शिक्षक

ताई, हा स्क्युअर आहे. फोर्कमध्ये दोन्ही मोहऱ्यांवर सरळ मारा असतो. इथे उंटाचा सरळ मारा फक्त राजावर होता आणि हत्ती त्याच तिरप्या ओळीत राजाच्या आड उभा होता. राजा हटल्यावरच तो उघडा पडला.

हत्ती मात्र वाचवता आला असता. f2 वरचे प्यादे f3 वर सरकवले असते तर शह तिथेच अडला असता, आणि त्या प्याद्याला g2 वरच्या राजाचा आधार असल्यामुळे उंटाने ते मारले तर राजाने उंट मारला असता. प्यादे पुढे सरकवण्याची सोय नसती तरी राजा h3 ऐवजी g1 वर नेणे शहाणपणाचे होते, कारण तिथून h1 ला आधार राहतो. मग उंटाने हत्ती मारला तरी उंट परत मिळतो आणि नुकसान पूर्ण हत्तीचे न राहता हत्ती आणि उंट यांच्या मोलातील फरकापुरतेच राहते. स्क्युअर झाला म्हणजे मागचा मोहरा गेलाच, असे समजू नये. आधी मध्ये काही घालता येते का ते पाहावे, आणि ते जमत नसेल तर मागच्याला आधार देत हटता येते का ते पाहावे.

छत्रपती संभाजीनगर, भाषाप्रेमी वाचक

शब्दांकडे वळतो. आपल्याकडे सीख कबाबामुळे ‘सीख’ सर्वांना परिचित आहे, आणि स्क्युअर या मूळ शब्दाचा अर्थही तोच, म्हणून ‘सीख घातली’ असे म्हणायला हरकत नसावी. शह, मात, वजीर आणि प्यादे हे शब्दही आपल्याकडे फारसीतूनच आले आहेत, तेव्हा सीख त्यांच्यात उपरी वाटणार नाही. फोर्कसाठी ‘कात्री’ बरा वाटतो, कारण ‘कात्रीत सापडणे’ आपण रोज बोलतो. पिनसाठी ‘जखडणे’ पुरेसे आहे.

हिंगोली जिल्ह्यातील शिक्षक

‘जखडला’ हा शब्द मुलांनी लगेच उचलला, कारण त्यात मोहऱ्याची अवस्थाच सांगितली आहे. ‘सीख’ सांगितल्यावर मात्र मुले म्हणाली की सीख तर पिनमध्येही दोघांतून आरपार जाते, मग फरक काय? मला उत्तर सुचले नाही. तूर्त ‘हटवून मारणे’ असे सांगत आहे.

जालना, स्पर्धा खेळणारी एक खेळाडू

फोर्क फक्त घोड्याचा नसतो; प्यादे, वजीर, इतकेच काय राजाही फोर्क करतो. तरी मुलांना घोड्याचा फोर्क दिसायला वेळ लागतो, म्हणून त्याची एक पक्की खूण सांगते. घोडा प्रत्येक चालीत घराचा रंग बदलतो, त्यामुळे तो ज्या दोघांवर एकदम मारा करतो, ते नेहमी एकाच रंगाच्या घरांवर असतात, आणि उडी मारण्याआधी आपला घोडाही त्याच रंगावर उभा असतो. काळ्याचा राजा e8 वर आणि हत्ती a8 वर, ही दोन्ही घरे पांढरी. म्हणून d5 किंवा b5 या पांढऱ्या घरावरचा घोडा c7 वर जाऊन दोघांना धरतो. e8 चा राजा आणि h8 चा हत्ती यांना मात्र घोडा कधीच एकत्र धरू शकत नाही, कारण त्या घरांचे रंग वेगळे आहेत. हे कळले की मुले निम्म्या जोड्या न मोजताच सोडून देतात.

मुले फसतात ती वेगळ्याच कारणाने. c7 दिसले की ती उडी मारतात, आणि d8 वर अजून बसलेला वजीर घोड्याला मारतो. फोर्कचे घर सापडल्यावर ‘इथे मला कोण मारू शकतो?’ हे विचारल्याशिवाय मोहऱ्याला हात लावू देऊ नये.

सरावाबद्दल म्हणाल, तर माझ्या मते रोज वीस-पंचवीस मिनिटे पुरे होतात. पहिली पाच मिनिटे रिकाम्या पटावर प्रतिस्पर्ध्याचे दोन मोहरे एकाच रंगाच्या घरांवर ठेवावेत आणि दोघांवर मारा करणारी घोड्याची सर्व घरे शोधावीत. राजा e8 आणि हत्ती a8 असेल तर c7 हे एकच घर सापडते. राजा e8 आणि वजीर e4 असेल तर d6 आणि f6 अशी दोन सापडतात. त्यानंतर दहा मिनिटे एकाच डावपेचाची मोजकी कोडी सोडवावीत, lichess.org वर ती `Fork`, `Pin`, `Skewer` अशी वेगवेगळी विनामूल्य मिळतात. कोडे खऱ्या पटावर मांडावे आणि उत्तर पाहण्याआधी आपली चाल व तिच्यावरचे प्रतिस्पर्ध्याचे सर्वांत चांगले उत्तर, दोन्ही वहीत लिहावे. उरलेल्या वेळात सगळ्या प्रकारांची मिसळ केलेली कोडी घ्यावीत. मथळ्यातच `Fork` दिसले की मुलाला अर्धे उत्तर आधीच कळलेले असते. जे मूल मथळ्याखालची कोडी सहज सोडवते पण मिसळीत उगाच शह देत सुटते, त्याला चाल पाठ झाली आहे, मांडणी दिसू लागलेली नाही, असे समजावे.

लातूर, निवृत्त शिक्षक

मिसळ कोड्यांबाबत मी सहमत आहे, पण पहिले काही आठवडे ती देऊ नयेत असे माझे मत आहे. एकच डावपेच इतका घोटावा की तो न शोधता दिसू लागावा. त्याऐवजी रोज मुलाने स्वतः खेळलेल्या एका डावातील दोन-तीन मांडण्या घ्याव्यात आणि दोन्ही बाजूंचे कोणते मोहरे बिनआधाराचे आहेत, एवढेच लिहून काढायला लावावे. तिन्ही डावपेचांचे भक्ष्य बहुधा त्याच यादीत सापडते.

जालना, स्पर्धा खेळणारी एक खेळाडू

यादीची कल्पना मी उचलते. मिसळ उशिरा द्यावी हे मात्र मला पटत नाही, कारण प्रत्यक्ष डावात मथळा कधीच नसतो.

नांदेड, महाविद्यालयीन विद्यार्थी

राजाची खूण सोडली, हे मान्य. पण एक शंका उरते. उंटाने एकाच तिरप्या ओळीत उभे असलेले दोन हत्ती धरले, तर दोघांचे मोल सारखेच आहे. मग पुढचा जखडला म्हणायचे, की हटवून मारायचे म्हणायचे?

लातूर, निवृत्त शिक्षक

बहुतेक जण त्याला स्क्युअर म्हणतात, कारण पुढचा हत्ती वाचवायला हलला की मागचा जातो. पण पुढचा हत्ती जागीच ठेवून मागचा हलवला, तर त्याला काय म्हणावे यावर आमच्याकडेही एकमत नाही.