मदत हवी आहे: टियर-२ पदवी, वॉशिंग्टन करार आणि क्वीन्सलँडची नोंदणी

सिव्हिलची पदवी २०१६ची. कॉलेज तेव्हा विद्यापीठाशी संलग्न होतं आणि एनबीए या राष्ट्रीय मान्यता मंडळाची मान्यता टियर-२ची होती. पुढे कॉलेज स्वायत्त झालं आणि त्याच शाखेला टियर-१ मिळाली. आता लक्ष्य आरपीईक्यू, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याची व्यावसायिक अभियंता नोंदणी.

सदस्य देशांच्या अभियांत्रिकी पदव्या एकमेकांत मान्य करणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा भारत २०१४ पासून पूर्ण सदस्य आहे, म्हणून "भारतीय पदवी चालते" असं सर्रास सांगितलं जातं. पण करारात फक्त टियर-१ येते, तीही कॉलेजला नव्हे, ठरावीक शाखेला आणि ठरावीक वर्षांपुरती. त्यामुळे नंतरची मान्यता २०१६च्या पदवीला मागे जाऊन लागू होत नाही, असं मी धरून चाललोय. कॉलेजचं "आम्ही एनबीए मान्यताप्राप्त" हे पत्र इथे कामाचं नाही. त्यात टियर आणि कालावधी लिहिलेलाच नसतो!

म्हणजे स्थलांतरासाठी अभियंत्यांची पात्रता तपासणाऱ्या इंजिनिअर्स ऑस्ट्रेलियाकडे सीडीआर, म्हणजे स्वतःची क्षमता दाखवणाऱ्या अहवालाचाच रस्ता: स्वतःच्या कामाची वर्णनं असलेले तीन करिअर एपिसोड, परिच्छेदांना १.१, १.२ असे क्रमांक आणि समरी स्टेटमेंटमध्ये प्रत्येक क्षमतेपुढे त्यातला नेमका क्रमांक. "आम्ही डिझाइन केलं" लिहिलं की अडकतं, स्वतः केलेली गणितं दिसावी लागतात.

माझे दोन प्रश्न आहेत. स्थलांतरासाठी सीडीआर मंजूर झाला, तर आरपीईक्यूच्या मूल्यांकनात पात्रतेचा भाग तेवढ्यावर मान्य होतो, की पदवी पुन्हा तपासतात? आणि टियर-२ वाल्यांपैकी कुणी एपिसोड म्हणून शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट दिलाय का? त्यावर काय शेरा आला?