अनुभव धागा: डिपार्टमेंटची पहिली मीटिंग आणि जेआर वनची ओळख

कडुनिंब

पीजीचे नवे रेसिडेंट रुजू व्हायला लागले आहेत. पहिल्या आठवड्यात कधीतरी डिपार्टमेंटची मीटिंग लागते. आठवड्याच्या अ‍ॅडमिशन आणि डेथ मांडून झाल्या की एचओडी मान वर करून म्हणतात, "नवीन लोकांनी ओळख करून द्या बरं." तिथे काय बोलावं, किती बोलावं, मेडल-पेपर सांगावेत का गिळावेत, यावर लिहा. आत्मचरित्र नको, उपयोगी पडेल असं लिहा.

मेडिसिनला लागलेल्या एका मुलाने त्याचा मसुदा पाठवलाय. नाव-गाव काढून देते:

"गुड मॉर्निंग रिस्पेक्टेड एचओडी सर, रिस्पेक्टेड मॅडम अँड ऑल माय रिस्पेक्टेड सीनियर्स. मी डॉ. अमुक. वडील शिक्षक आहेत. लहानपणापासून डॉक्टर होण्याचं स्वप्न होतं. एमबीबीएसला फार्माकॉलॉजीत युनिव्हर्सिटीचं गोल्ड मेडल मिळालं. माझा एक पेपर पब्लिश झाला आहे. त्यानंतर एक वर्ष ग्रामीण रुग्णालयात बॉण्ड केला, तिथे सर्व इमर्जन्सी एकट्याने हाताळल्या. तरी मला अजून काहीच येत नाही, आपल्या मार्गदर्शनाखाली शिकायचं आहे."

याचं काय करायचं?

मधला बाक

आधी ऐकतंय कोण ते बघा. एचओडींना नाव आणि चेहरा जुळवायचा असतो, बाकी त्यांचं अर्धं लक्ष मस्टरमध्ये. युनिट हेडना आपल्या वाट्याला काय आलंय ते बघायचं असतं. खरं कान देऊन ऐकतो तो मागे बसलेला जेआर थ्री, कारण महिन्याचा ड्युटी रोस्टर तो लावणार असतो. कोणाला कॅज्युअल्टीत आणि कोणाला वॉर्डात टाकायचं, कोणासोबत सीनियर द्यायचा, हे बरंचसं या मिनिटभरात त्याच्या डोक्यात ठरतं.

आता मसुदा त्याच्या कानाने ऐका. "सर्व इमर्जन्सी एकट्याने" ऐकल्यावर तो निश्चिंत होतो. पुढच्याच वाक्यात "काहीच येत नाही" आलं की त्याला कळतं की ही दोन्ही वाक्यं म्हणण्यापुरती आहेत. त्यातलं पहिलं जास्त धोक्याचं. रात्री अडीचला पोटॅशियम सातचा पेशंट आला की ते आठवणीत ठेवून त्याला एकट्याला पाठवतील. "काहीच येत नाही" याने नम्रता दिसत नाही, फक्त समोरच्याला माहिती मिळत नाही.

यावर साधा उपाय आहे. येणाऱ्या गोष्टींचे तीन ढीग करा: स्वतः करतो ते, कोणी शेजारी उभं असेल तर करतो ते, आणि केलेलंच नाही ते. पहिल्या ढिगात शिक्षण दिसतं, तिसऱ्यात नम्रता दिसते, आणि दुसऱ्या ढिगावरून रोस्टर लावता येतो. तिसरा ढीग मोठ्याने बोलायला जड जातं, म्हणून बहुतेक जण तोच गाळतात.

जेआरटू_अर्धझोपेत

माझं मत, मेडल आणि पेपर अजिबात सांगू नये. हवा करतोय असं वाटतं आणि पहिल्याच राउंडला "गोल्ड मेडलिस्ट, सांगा बघू" सुरू होतं, ते तीन वर्षं चिकटतं. त्यापेक्षा आकडे सांगा. तीस अ‍ॅसायटिक टॅप, वीस एलपी, पंधरा इंट्युबेशन. आकड्याला कोणी हसत नाही.

भूलवाली

अर्धझोपेत, मेडलबद्दल तुझं थोडंफार पटतं, आकड्यांचं नाही. पंधरा इंट्युबेशन कुठे केली? ओटीत, सकाळी आठला, उपाशी पेशंट, रिलॅक्संट दिलेलं, शेजारी कन्सल्टंट उभे, तर ते एक काम. कॅज्युअल्टीत पोट भरलेला, दारू प्यालेला, मान हलवता न येणारा पेशंट, तर ते दुसरं काम. आकडा दोन्हीकडे पंधराच. आमच्याकडे कोणी नुसता आकडा सांगितला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "त्यातली सुपरव्हिजनखाली किती?" तिथे अडखळलं की बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो.

म्हणून आकड्याऐवजी जागा आणि परिस्थिती सांगा. "ओटीत देखरेखीखाली केलीत, कॅज्युअल्टीत नाही." आकडा लॉगबुकात असतोच, ज्याला हवा तो बघेल. मॅनिकिनवर केलेलं असेल तर मॅनिकिन हा शब्द उच्चारायचा. तो गाळणं म्हणजे खोटंच बोलणं.

टेम्सकाठी

इथे यूकेत आम्ही पहिल्या दिवशी नाव, ग्रेड आणि रोल एवढंच सांगतो. २०१३ मध्ये केट ग्रेंजर या डॉक्टरने स्वतः पेशंट असताना 'हॅलो, माय नेम इज' ही मोहीम सुरू केली, तेव्हापासून पेशंटला आधी नाव सांगणं अंगवळणी पडलंय. बेडपाशी गेल्यावर खुर्ची ओढून बसा, नजरेला नजर द्या, पूर्ण नाव सांगा. माझा स्वतःचा अनुभव असा की आडनाव इथे कोणालाच उच्चारता येत नाही, म्हणून मी...

कडुनिंब

टेम्सकाठी, पेशंटला ओळख देण्याचा वेगळा धागा काढू या का? इथे मीटिंगचं चाललंय. नाव सावकाश सांगण्याचं मात्र घेते. घाईत "डॉक्टरशिंदेजेआरवन" असा एकच शब्द होतो.

पीएचसी ते आरएच

बॉण्डवाल्या वर्षाकडे मसुद्यात दुर्लक्ष झालंय. "सर्व इमर्जन्सी" म्हणजे नक्की काय? ग्रामीण रुग्णालय ३० खाटांचं, व्हेंटिलेटर नाही, एमआय आला तर ईसीजी काढून गोळ्या देऊन १०८ बोलवायची. पण पावसाळ्यात सर्पदंश आणि फवारणीच्या दिवसांत विषबाधा, हे आरएचवाल्याने जितकं हाताने केलेलं असतं तितकं सरळ परीक्षेला बसलेल्याने नसतं. त्याची खरी कमाई ही आहे. "सर्पदंशात एएसव्ही स्वतः सुरू केलंय" हे एक वाक्य गोल्ड मेडलपेक्षा वजनदार आहे.

मात्र जे सांगाल त्यावर एक प्रश्न येणार असं धरून चला. सर्पदंश म्हटलं की मेडिसिनचे सर हमखास विचारतात, "ट्वेंटी मिनिट टेस्ट कशात लावायचास?" उत्तर: नवीन, कोरडी, साधी काचेची ट्यूब, शिरेतलं दोन मिली ताजं रक्त, वीस मिनिटं न हलवता ठेवायची आणि मग एकदाच तिरपी करायची. प्लॅस्टिकच्या ट्यूबमध्ये किंवा साबणाने धुतलेल्या काचेत रक्त नीट गोठत नाही, मग विष नसतानाही टेस्ट बिघडलेली दिसते आणि एएसव्ही फुकट जातं. दुसरा प्रश्न, "लहान मुलाला डोस किती?" मोठ्यांइतकाच, कारण सापाने सोडलेलं विष वजन बघून कमी होत नाही. ही उत्तरं तोंडावर असतील तरच ते वाक्य बोला. ज्यावर दुसरा प्रश्न झेपणार नाही, ते ओळखीत घालू नका.

मधला बाक

पीएचसी ते आरएच यांचा शेवटचा मुद्दा मेडल-पेपरलाही लागू पडतो. फार्माकॉलॉजीचं मेडल मेडिसिनमध्ये गैरलागू नाही, पण ते शेवटी आणि अर्ध्या वाक्यात. पेपरचं नेमकं सांगा: केस रिपोर्ट की ओरिजिनल आर्टिकल, कितवा लेखक, छापून आलाय की नुसता पाठवलाय. "माझा पेपर" म्हटलं की फर्स्ट ऑथर असं धरलं जातं, आणि नंतर पबमेडवर बघणारा कोणीतरी असतोच.

मी मसुदा असा करेन:

"नमस्कार सर, मॅडम. मी डॉ. अमुक तमुक, जेआर वन, युनिट दोन. एमबीबीएस आणि इंटर्नशिप अमुक कॉलेजची. नंतर वर्षभर तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात बॉण्डवर मेडिकल ऑफिसर होतो. सर्पदंशात एएसव्ही आणि ऑर्गनोफॉस्फरसमध्ये अ‍ॅट्रोपिन स्वतः सुरू करून पेशंट पुढे पाठवलेत. अ‍ॅसायटिक टॅप स्वतः करतो. एलपी देखरेखीखाली केलंय. इंट्युबेशन फक्त मॅनिकिनवर. सेंट्रल लाइन आणि व्हेंटिलेटर केलेलं नाही. फार्माकॉलॉजीत युनिव्हर्सिटी मेडल आहे, एका केस रिपोर्टचा तिसरा लेखक आहे. विषबाधेवर थिसिस करायला आवडेल. थँक यू."

सावकाश बोललं तरी पाऊण मिनिट. वडील, स्वप्न आणि तीनदा आलेलं 'रिस्पेक्टेड' काढलं. थिसिसचं वाक्य मुद्दाम ठेवलंय. गाईड वाटप लवकरच होतं, त्या विषयात रस असलेल्या मॅडम समोर बसलेल्या असू शकतात.

अकोलेकर

वडील शिक्षक हे काढलंत ते नाही पटलं. आमच्याकडे गाव आणि घर सांगितलं की माणसं जवळ येतात. सरही त्याच तालुक्याचे निघतात.

भूलवाली

आणि नाही निघाले तर? गावावरून आडनाव, आडनावावरून बाकीचं, हे हिशेब त्या खोलीत कोणीतरी करतंच. कोणी विचारलं तर सांगावं, आपणहून नको.

अकोलेकर

हिशेब करणारे तसेही करतात हो. आपण आपलं गाव का लपवायचं?

जेआरटू_अर्धझोपेत

त्याच रांगेतला प्रश्न, "रँक किती?" हा हमखास येतो. मी म्हणतो, आकडा सांगून मोकळं व्हावं. लपवलं की जास्त शोधतात.

भूलवाली

मला तो प्रश्नच चुकीचा वाटतो. बऱ्याचदा त्यातून रँक नाही, कॅटेगरी विचारायची असते. "स्टेट कोट्यातून आलोय" किंवा "ऑल इंडियातून" एवढं उत्तर पुरेसं आहे. पुन्हा विचारलं तर हसून गप्प बसावं. एचओडींनीच विचारलं तर काय, याचं माझ्याकडे उत्तर नाही.

नागपूरची_बाहेरची

मी ऑल इंडिया कोट्यातून आले, मराठी घरची नाही. इंग्रजीत ओळख दिली तर भाव खाते असं वाटेल का?

मधला बाक

नाही वाटणार, मीटिंग अर्धी इंग्रजीतच चालते. फक्त एक वाक्य जोडा, की मराठी समजतं पण हिस्टरी घ्यायला अजून अडखळते. हाही तिसरा ढीगच आहे. जेआर थ्री सुरुवातीच्या रात्रींना मराठी येणारा इंटर्न सोबत देईल.

पीएचसी ते आरएच

अजून एक. या मीटिंगला सिस्टर बहुतेक नसतात. त्यामुळे ही ओळख झाली म्हणजे झालं, असं धरू नका. त्याच दिवशी वॉर्डात जाऊन इन्चार्ज सिस्टरना वेगळी ओळख द्या: नाव, युनिट, कोणत्या वारी ऑन-कॉल, आणि मोबाइल नंबर त्यांच्या फळ्यावर स्वतःच्या हाताने लिहा. तिथे मेडल, केस रिपोर्ट काहीही नको. इमर्जन्सी ट्रॉली कुठे असते आणि एएसव्हीच्या फ्रिजची किल्ली रात्री कोणाकडे असते, एवढं विचारून घ्या.