ब्लीड, ट्रिम, सेफ एरिया: प्रेसवाले नेमकं काय मागतात?

वैदेही
भावाच्या दुकानाचं व्हिजिटिंग कार्ड करतेय. ९० × ५४ मिमी, पूर्ण गडद हिरवं, कडेपासून २ मिमी आत बारीक सोनेरी चौकट. फाइल पाठवली तर प्रेसमधून निरोप आला, "ब्लीड नाहीये, मॅटर सेफमध्ये घ्या, ट्रिम साइझ कळवा." या तिन्हींचा अर्थ काय?

रानवाट
ब्लीड म्हणजे शाई फुटणं. हलक्या कागदावर अक्षरांच्या कडा पसरतात ना, तेच. आर्ट पेपर घ्या, फुटणार नाही.

अभिजित
नाही हो. मशीनला कागद धरायला कडेला कोरी जागा लागते, ती ब्लीड. तेवढी सोडायची.

छपाईकर
कोरी जागा लागते हे खरं, पण ती ग्रिपरची. प्रेसच्या मोठ्या शीटच्या एका कडेला असते आणि तिचा हिशोब आम्ही करतो. ब्लीड बरोबर उलट आहे: तिथे काही सोडायचं नसतं, रंग वाढवायचा असतो.

वैदेहीताई, कार्डं एका शीटवर अनेक छापतात आणि मग गठ्ठा करून कापतात. पातं खाली येताना दाबाने कागद किंचित सरकतो, त्यामुळे वरचं कार्ड आणि तळाचं कार्ड तंतोतंत एका जागी कापलं जात नाही. शीटवर छपाईही थोडी इकडेतिकडे होते. दोन्ही मिळून अर्धा-पाऊण मिलिमीटर सहज जातो. तुमचा हिरवा रंग ९० × ५४ वरच संपत असेल, तर पातं जरा बाहेर पडलं की कडेला पांढरा दोरा दिसणार. गठ्ठ्यातल्या काहीच कार्डांवर आणि एकाच बाजूला तो दिसला, तर दोष छपाईचाच असेल असं नाही, कटिंगचाही असू शकतो.

म्हणून रंग चारही बाजूंना ३ मिमी वाढवायचा. फाइल होईल ९६ × ६०. कापून हातात येईल ते ९० × ५४, तीच ट्रिम. आणि पातं आतही सरकू शकतं, म्हणून नाव-नंबर ट्रिमच्या किमान ३ मिमी आत ठेवायचे. ती सेफ.

वैदेही
म्हणजे आख्खं डिझाइन ओढून ९६ × ६० केलं की झालं?

छपाईकर
तेच करू नका. नंबर आत्ता उजव्या कडेपासून ४ मिमीवर आहे असं धरा. म्हणजे मध्यापासून ४१ मिमी. ९० चे ९६ करताना तोही मध्यापासून जवळपास ४३.७ वर सरकतो, आणि कटिंगची रेघ ४५ वरच आहे. ४ मिमीचे उरले सव्वा. शिवाय उंची रुंदीपेक्षा जास्त प्रमाणात ताणली जाते, लोगो उभट होतो. फक्त मागचा हिरवा चौकोन वाढवा, बाकी कशाला हात लावू नका. कोरलमध्ये पेज ९० × ५४ च ठेवा, त्यात ब्लीड ३ मिमी द्या आणि पीडीएफ काढताना `Prepress` मध्ये `Bleed limit` व `Crop marks` दोन्ही चालू करा. ते विसरलं की वाढवलेला रंग पीडीएफमध्ये येतच नाही.

मृणाल
आमच्या सोसायटीच्या स्मरणिकेत पान क्रमांक मधल्या पानांवर कडेला चिकटले होते, पहिल्या पानांवर ठीक होते. ब्लीड दिलेलं होतं तरी! हे कसं?

छपाईकर
मध्ये पिना मारलेली असणार. घडी एकात एक घातली की आतली पानं बाहेर डोकावतात, आणि बाहेरची कड एकदम कापली की मधल्या पानांची जास्त जाते. ब्लीडचा त्याला उपयोग नाही. मधल्या पानांचा मजकूर पिनेकडे थोडा सरकवावा लागतो. किती, ते कागदाच्या जाडीवर आणि पानांवर ठरतं.

वैदेही
आणि चौकट? भावाला ती हवीच आहे.

छपाईकर
२ मिमीवर नको. कटिंग ०.७ सरकलं तर एका बाजूला १.३ उरेल, समोर २.७. दुप्पट फरक, कोणालाही तिरकं दिसेल. तीच चौकट ५ मिमी आत घेतली तर ४.३ आणि ५.७, नजरेला टोचत नाही. माझं मत विचाराल तर पूर्ण रंगाच्या कार्डावर चौकटच नको.

अभिजित
५ मिमी आत घेतली तर ५४ मधले ४४ च उरतात, आणि मजकूर चौकटीपासूनही सोडायचा. दुकानाचा पत्ता तीन ओळींचा असेल तर कोंबल्यासारखं दिसेल. मी ३ वर ठेवीन आणि कटिंगवाल्याला छोटे गठ्ठे घ्यायला सांगेन.

छपाईकर
छोट्या गठ्ठ्याने कागद कमी सरकतो, मान्य. पण छपाईच शीटवर सरकली असेल तर गठ्ठा छोटा करून काय होणार?

वैदेही
३ आणि ५, दोन्हींचे प्रिंट काढून कापून भावासमोर ठेवते. पत्ता तर चार ओळींचा आहे.