दोघं नोकरीवाले: चार छोट्या ट्रिपा की वर्षातून एकच मोठी?

शुक्रवारी_सुटका: वर्षभर राबायचं आन मे महिन्यात दहा दिवस मनालीच्या ट्राफिकमध्ये उभं राहायचं, हे लोक मला कळतच नाहीत. दोघं नोकरीवर असाल तर दोन-तीन महिन्याला शुक्रवारी संध्याकाळी बॅग उचला, सोमवारी सकाळी हजर. रजाच लागत नाही. ज्यांना प्लॅनिंग जमत नाही तेच रडतात.

गोदाकाठचा: साहेब तुम्ही राहता कुठं ते आधी सांगा. पुण्यात बसून लोणावळ्याला जाणाऱ्याचं गणित नांदेडवाल्याला शिकवू नका. आमच्याकडून शुक्रवारी संध्याकाळी निघून कोकणात जायचं म्हणजे रातभर गाडी, शनिवारी दुपारी पोचून अंघोळ, जेवण, झोप, आन रविवारी दुपारी परत गाडी. समुद्र बघायला मिळतो एक संध्याकाळ. सचखंडनं अमृतसर करा, सकाळी नांदेड सोडलं की दुसऱ्या दिवशी रात्री पोचतो. जायला-यायला चार दिवस गेले तर ट्रिप चार दिवसांची काय आन दहाची काय, ते चार जाणारच. मग दहाच दिवस का नको? घरी आल्यावर कपडे धुणं, डबे, बायकोला सोमवारी सकाळी सातची एसटी. याला सुटका म्हणत असाल तर म्हणा.

शुक्रवारी_सुटका: मी संभाजीनगरचा आहे, पुण्याचा नाही. वेरूळ, दौलताबाद, म्हैसमाळ सगळं हाकेच्या अंतरावर.

गोदाकाठचा: मग तुमचं तिकीट काढायची वेळच येत नाही, तुम्ही कशाला बोलता.

आस्थापनेतला_बाबू: दोघंही भांडताय पण रजेचा हिशोब कुणी केला नाही. शासकीय नोकरीत सीएल वर्षाला 8, त्या 31 डिसेंबरला मेल्या, पुढं जात नाहीत. ईएल दर सहामाहीला 15 जमा होतात, 300 पर्यंत साठतात आन रिटायर होताना पैसे मिळतात. म्हणून सीएल छोट्या ट्रिपला जाळायची. शुक्रवार-सोमवार दोन सीएल टाकल्या, मधला शनिवार-रविवार सीएलमध्ये धरत नाहीत, चार दिवस मोकळे. ईएलचं उलटं आहे, मधली सुट्टी रजेतच मोजतात. सोमवारपासून पुढच्या आठवड्याच्या शुक्रवारपर्यंत टाकलीत तर 12 ईएल कटतात. पण एकाच आठवड्याची सोमवार ते शुक्रवार टाकली आन मागचे-पुढचे शनिवार-रविवार जोडून मंजूर करून घेतले तर 5 ईएलमध्ये 9 दिवस. अर्जात जोडसुट्टी लिहायची विसरतात आन मग माझ्या टेबलावर येऊन वाद घालतात. फक्त दोघांचे साहेब एकाच आठवड्याला हो म्हणाले पाहिजेत, तिथंच सगळं बोंबलतं.

जावई_परभणीचा: बँकेतल्यांना हे लफडंच नाही, त्यांना रिझर्व्ह बँकेच्या नियमानं दहा दिवस सक्तीची सुट्टी असते. आमच्या मेव्हण्यानं त्यातच केरळ केलं.

काउंटर_नंबर_तीन: सक्तीची आहे पण संवेदनशील कामावर असलेल्यांना, आन आधी न सांगता देतात, कुणी घोळ घातला असेल तर मागून सापडावा म्हणून. सकाळी सांगतात उद्यापासून येऊ नका. त्यात केरळचं तिकीट कुठून आणता? मेव्हण्याला साहेबानं आधीच सांगितलं असेल तर ते गप बसून खा, इथं लिहू नका. आन बाबूसाहेब, तुमचा 9 दिवसांचा हिशोब आमच्याकडं चालत नाही. आम्हाला दुसरा आन चौथा शनिवारच सुट्टी, ते लागोपाठ येत नाहीत, म्हणजे 9 दिवसांना 6 रजा. नवरा प्रायव्हेटमध्ये, त्याला मार्चमध्ये सोडतात तेव्हा आमचं इयर एंड.

मॅडम_जिप_शाळा: आम्हाला मे महिन्याची सुट्टी असते, तेव्हा मुलांना कुठं न्यावं? चाळीसच्या वर ऊन असतं.

आस्थापनेतला_बाबू: ताई प्रश्न तो नाहीये.

डब्यात_उभा: रजा मिळाली तरी तिकीट कुठंय? नोव्हेंबर 2024 पासून आरक्षण 60 दिवस आधीच उघडतं, पूर्वी 120 होते. आन आपला विभाग नांदेडचा असला तरी झोन सिकंदराबादचा, तिथं आपलं कोण ऐकतं? संभाजीनगर-मनमाड एकच पटरी, क्रॉसिंगला गाडी बाजूला उभी.

जावई_परभणीचा: दुहेरीकरणाचं काम चालू आहे की.

डब्यात_उभा: चालू आहे हे आम्ही खिडकीतून रोज बघतो! डबल लाईन झाली की सांगा. परवा मनमाडच्या अलीकडं गाडी थांबली ती चहावाला दोनदा येऊन गेला तरी हलली नाही. वरून मनमाड आलं की मध्य रेल्वे, तिथं आपली गाडी सावत्र.

गोदाकाठचा: खरंय. आन 60 दिवसांनी आम्हा रजावाल्यांचं तर बरंच झालं, चार महिने आधी कुणाचा साहेब लिहून देतो? पण तिकीट उघडल्या उघडल्या वेटिंग, त्याचं काय.

शुक्रवारी_सुटका: विषय ट्रिपचा होता, तुम्ही रेल्वे मंत्रालय चालवायला घेतलं. बरं, मान्य, नांदेडवाल्यांनी एकच मोठी करावी, देवानं तुम्हाला लांब ठेवलं त्याला मी काय करू. पण 8 सीएल डिसेंबरात फुकट घालवणाऱ्याला शहाणा म्हणणार नाही.

काउंटर_नंबर_तीन: त्या सीएल सासूच्या दवाखान्यात आन चुलत नणंदेच्या लग्नात जातात भाऊ. ट्रिपला उरत असतील तर तुमचं घर फार लहान आहे.

आस्थापनेतला_बाबू: जोडून येणाऱ्या सुट्टीला अजिंठ्याला जाणार असाल तर सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी. दर वेळी कुणीतरी गेटवरून परत येतं आन फोटो टाकतं.