मदत हवी आहे: १९ च्या नमुन्यातून पूर्ण वॉर्डचा टक्का काढावा का?

मुंबईतल्या एका वॉर्डात गोवर-रुबेलाच्या पहिल्या डोसची पाहणी केली. वॉर्डाचे ५ भाग केले आणि प्रत्येकात १२ ते २३ महिन्यांची १९ मुलं निवडली. लक्ष्य ८०%; नमुना लहान म्हणून LQAS पद्धतीत थोडी सूट धरतात, त्या नियमाने १९ पैकी किमान १३ मुलांना डोस मिळालेला हवा, नाहीतर तो भाग नापास. आकडे आले १७, १६, १२, १८, १४. तिसरा भाग नापास.

सरळ बेरीज ९५ पैकी ७७, म्हणजे ८१%. पण तिसरा भाग झोपडपट्टीचा आहे, वॉर्डातली सुमारे ४०% मुलं तिथेच. उरलेल्या चारांना १५-१५% वजन दिलं तर टक्का ७७ वर येतो, चूक साधारण १० टक्के इकडेतिकडे. वरिष्ठांना मात्र एकच आकडा हवा आहे, आणि ८१ त्यांना अर्थातच जास्त आवडतो!

कार्ड नसलेल्यांचं आईच्या सांगण्यावरून धरलंय. कुलूपबंद घरं संध्याकाळी पुन्हा पाहिली. पूर्ण वॉर्डात ३० समूह, प्रत्येकी ७ मुलं, अशी पाहणी परवडणार नाही. चौघं जण आणि दोन दिवस उरलेत. शिवाय त्यातही चूक १० टक्क्यांच्या आसपासच धरतात, आणि कुठला भाग मागे आहे ते कळत नाही.

मग हे दोन दिवस तिसऱ्या भागातच नमुना वाढवायला वापरावेत का, आणि वाढवला तर १३ चा नियम सोडून तिथला निकाल कसा मांडायचा?