लग्नाच्या बुफेआधी वाढपी मुलांना काय सांगता? तुमचे अनुभव

पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच ८०० पानांचं लग्न सांभाळतेय. वाढप सुरू होण्याआधी मुलांना नेमकं काय सांगता, घडलेल्या प्रसंगासकट लिहा.

कॅप्टन, नाशिक
मुहूर्ताच्या पाऊण तास आधी मी सगळ्यांना काउंटरपाशीच उभं करतो. अक्षता पडल्या की अख्खा हॉल एकदम जेवणाकडे वळतो, म्हणून पहिली ४० मिनिटं सांभाळायची. एका लग्नात ६०० माणसं होती. माझ्या अनुभवात एका रांगेतून मिनिटाला चार-पाच जण पुढे सरकतात. दोन टेबलं, दोन्ही बाजूंनी वाढप, म्हणजे चार रांगा. हिशोब बसत होता. तरी रांग दारापर्यंत गेली. पुरी तळणारा एकच होता आणि चारही रांगा त्याच्यापाशी अडत होत्या. पुरीच्या पुढे टेबल मोकळं आणि मागे गर्दी, तेव्हा लक्षात आलं. आता पुरी रांगेत ठेवतच नाही, दोन मुलं परात घेऊन बसलेल्यांत फिरतात. आणि भांडं तिसऱ्या हिश्श्यावर आलं की हाक कुणाला मारायची, हे प्रत्येकाकडून वदवून घेतो.

सजावट आणि नियोजन, पुणे
ताटं टेबलाच्या दोन्ही टोकांना ठेवा, रांग निम्मी होते. आम्ही नेहमी तसंच करतो.

कॅप्टन, नाशिक
दोन्ही टोकांपासून मध्यापर्यंत तेच पदार्थ मांडले असतील तरच. नाहीतर मधोमध माणसं समोरासमोर येतात, भरली ताटं घेऊन.

आचारी, कोल्हापूर
आम्हाला या बोलण्यात कुणी घेत नाही. “मसालेभात संपला” अशी ओरड आल्यावर नवं पातेलं उतरायला वीस-पंचवीस मिनिटं जातात. तिसऱ्या हिश्श्याला हाक मारली तरी भातासाठी उशीरच. ट्रे अर्धा झाला की मला कळायला हवं. आणि गरम भात जुन्यावर ओतू नका, ट्रेच बदला.

मुलीची आई, सातारा
माझा प्रश्न वेगळा आहे. विधी उरकून आम्ही घरची माणसं साडेतीनला जेवायला बसलो, तर श्रीखंड संपलेलं. जावयांच्या ताटात वाढायला काही नव्हतं. अजून वाईट वाटतं. हे आधी सांगायचं कुणाला?

कॅप्टन, नाशिक
ताई, प्रश्न अगदी इथलाच आहे. घरची ४०-५० पानं सुरुवातीलाच डब्यांत काढून ठेवायची, आणि ते डबे एकाच मुलाच्या ताब्यात. तो दुसऱ्या कामाला जायचा नाही. यजमानांनाही त्याचं नाव सांगून ठेवायचं.

वाढपी, कॉलेज सांभाळून काम करते
मला नेहमी पदार्थाचं नाव आणि जागा सांगतात. खरकट्याचे टब कुठे, ते नाही. एकदा ते ताटांच्या टेबलाशेजारीच होते. जेवून उठलेले आणि जेवायला येणारे एकाच वाटेवर आले, आणि एका आजींच्या शालूवर आमटी सांडली. त्यानंतर मी आधी टबच शोधते. पण मध्येच ते हलवायचे झाले तर ठरवायचं कुणी, कॅप्टनने की हॉलवाल्याने? मला दोन्ही ठिकाणी वेगळं सांगितलंय.